कागदावर २६ टक्के, तरी कॉलर फुटली: गाडीच्या पत्र्यातलं मऊ आणि कडक

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी काही वर्षं काढली. तिथे गाडीच्या पुढच्या भागातला एक ब्रॅकेट आम्ही साध्या मऊ पत्र्यातून बनवत होतो. त्यात २४ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि मग त्याची कड ३४ मिलिमीटरपर्यंत फुलवून कॉलर उभी करायची. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं काम. मग ग्राहकाने वजन कमी करायला डिझाइन बदललं आणि पत्रा आला डीपी ६००, जाडी १.४ मिलिमीटर. पहिल्या शंभर नगांतच कॉलरच्या कडेला उभ्या चिरा दिसल्या. कॉइलसोबतच्या सर्टिफिकेटवर मात्र सगळं चोख होतं: ताकद ६१० मेगापास्कल, लांबण २६ टक्के. टूलरूममधले काका सर्टिफिकेट हातात घेऊन म्हणाले, "साहेब, २६ टक्के ताणला जातो म्हणतात, मग इथे का फाटतो?"

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी या पत्र्याच्या आत काय आहे ते पाहावं लागतं.

साधा मऊ पत्रा म्हणजे जवळजवळ सगळा फेराइट. लोखंडाच्या अणूंची ही रचना कार्बनला थाराच देत नाही, त्यामुळे ती मऊ राहते आणि हवी तशी वळते. मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरमागे एक न्यूटन. अशा पत्र्याची ताकद ३०० मेगापास्कलच्या आसपास असते, म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाड तार सुमारे ३० किलो वजन पेलते. डीपी ६०० ची तेवढीच तार ६० किलो पेलते. ताकद वाढवायचा सर्वांत जुना उपाय लोहाराला ठाऊक असतो: विळा लाल करायचा आणि पाणी पाजायचं. तापलेल्या लोखंडातली रचना म्हणजे ऑस्टेनाइट. तिच्यात कार्बन सहज मावतो. ती अचानक थंड झाली की कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो अणूंच्या जाळीत अडकतो, जाळी ताणली जाते आणि तयार होतं मार्टेन्साइट. ते अतिशय कडक आणि बऱ्यापैकी ठिसूळ असतं. पण सगळा पत्राच असा केला तर डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, तो वाकण्याआधी तुटेल.

डीपी म्हणजे ड्युअल फेज, दोन रचनांचं पोलाद. इथे पत्र्याला अर्धवट पाणी पाजतात. भट्टीचं तापमान मुद्दाम असं ठेवतात की सगळा पत्रा ऑस्टेनाइट होत नाही. साधारण ७५० ते ८२० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात काही भाग फेराइट राहतो, काही ऑस्टेनाइट होतो. खरी करामत इथे कार्बनची आहे. फेराइटला तो नको असतो आणि ऑस्टेनाइटला हवा असतो, म्हणून जवळजवळ सगळा कार्बन ऑस्टेनाइटच्या बेटांकडे गोळा होतो.

१०० ग्रॅम पत्रा घेऊ. त्यात कार्बन ०.१ टक्के, म्हणजे १०० मिलिग्रॅम. भट्टीत ७५ ग्रॅम फेराइट आणि २५ ग्रॅम ऑस्टेनाइट झालं असं धरू. ७५ ग्रॅम फेराइटमध्ये फार तर ११ मिलिग्रॅम कार्बन मावतो. उरलेले ८९ मिलिग्रॅम २५ ग्रॅममध्ये दाटीवाटीने बसतात, म्हणजे बेटांमधला कार्बन ०.३६ टक्के झाला. पत्र्यात कार्बन वाढवला नाही, फक्त त्याची जागा बदलली, आणि बेटांपुरता तो साडेतीनपट झाला. आता पत्रा झपकन थंड केला की ही बेटं मार्टेन्साइट होतात आणि भोवतीचा फेराइट कार्बन गमावल्यामुळे आणखी मऊ झालेला असतो. पॉलिश केलेला तुकडा नायटल नावाच्या सौम्य आम्लाच्या द्रावणात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पांढऱ्या फेराइटच्या कणांमधून गडद ठिपके पसरलेले दिसतात. एखादा ठिपका काही मायक्रॉनचा, त्याहून मोठा क्वचितच.

भट्टी थोडी जास्त तापली तर काय होतं, तेही याच हिशेबाने कळतं. ऑस्टेनाइट ४० ग्रॅम झालं तर ६० ग्रॅम फेराइट ९ मिलिग्रॅम ठेवून घेतं आणि उरलेले ९१ मिलिग्रॅम ४० ग्रॅमवर वाटले जातात. कार्बन ०.२३ टक्क्यांवर येतो. कडक बेटं वाढली, पण प्रत्येक बेट थोडं कमी कडक झालं. पत्र्याची एकूण ताकद वाढते, लांबण मात्र घटते.

फेराइट मऊ आणि मार्टेन्साइट कडक, तर पत्रा दोन्हींच्या मधला, असं वाटेल. पण डीपीचा गुण नुसत्या सरासरीतून येत नाही. ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होताना त्याचं आकारमान ३ ते ४ टक्क्यांनी वाढतं. बेट फुगतं आणि शेजारच्या मऊ फेराइटला आतून ढकलतं. त्या धक्क्याने फेराइटच्या जाळीत असंख्य विस्थापनं तयार होतात. विस्थापन म्हणजे सतरंजीतली सुरकुती समजा. अख्खी सतरंजी एका झटक्यात ओढणं जड जातं, पण सुरकुती पुढे पुढे सरकवत नेली तर तीच सतरंजी सहज सरकते. धातू वाकतो तो अशा सुरकुत्या सरकल्यामुळे. डीपीच्या फेराइटमध्ये त्या आधीच मोकळ्या फिरत असतात, म्हणून पत्रा कमी ताणावर वाकायला लागतो, साधारण ३५० मेगापास्कलला. पण सुरकुत्या थोड्या सरकतात न सरकतात तोच बेटांवर आदळून अडकतात, त्यांच्या मागे आणखी साचतात, आणि पत्रा झपाट्याने कडक होत जातो. ३५० ला सुरू झालेला प्रवास ६०० पर्यंत पोचतो. त्याच ३५० ला वाकायला लागणारा, सूक्ष्म मिश्रधातूंनी बळकट केलेला जुन्या पद्धतीचा पत्रा ४५० च्या आसपासच थांबतो.

हे मोकळं सरकणं खरोखर आहे की नाही, हे टेन्साइल टेस्टच्या, म्हणजे पट्टी तुटेपर्यंत ओढून पाहण्याच्या चाचणीच्या, आलेखावर उघड्या डोळ्यांनी दिसतं. साध्या पोलादाचा आलेख वर जातो, तिथे एक टोक येतं, मग तो किंचित खाली घसरून काही अंतर सपाट चालतो. कारण सुरकुत्यांभोवती कार्बनचे अणू चिकटलेले असतात आणि त्या एकदम सुटतात. अशा पत्र्यावर दाबकामात पट्टे उमटतात. चांगल्या डीपीचा आलेख मात्र कुठेही न अडखळता गोल वळतो. त्यात ते टोक परत दिसू लागलं तर समजावं की थंड करण्याचा वेग कमी पडला, ऑस्टेनाइटला मार्टेन्साइट होण्याआधीच दुसरी वाट मिळाली, किंवा पत्रा नंतर कुठेतरी जास्त वेळ कोमट राहिला. सर्टिफिकेटवरचे आकडे कधी कधी बसतात, पण आलेख खोटं बोलत नाही. मी म्हणूनच आलेख मागवायचा आग्रह धरत असे.

गाडीला याचा फायदा दोनदा होतो. डायमध्ये जिथे पत्रा ताणला जातो तिथे तो कडक होतो. मग रंगाच्या भट्टीत, साधारण १७० अंशांना २० मिनिटं, कार्बनचे थोडे अणू त्या सुरकुत्यांपाशी जाऊन त्यांना जखडून टाकतात आणि पत्रा अजून थोडा कडक होतो. दाबकाम आणि रंगाची भट्टी मिळून १०० मेगापास्कलहून जास्त भर पडते. म्हणजे प्रेसमध्ये नमतं घेणारा पत्रा रस्त्यावरच्या धडकेत ताठ उभा राहतो. गाडीच्या पुढच्या लांब रेल्स आणि वेगवेगळी मजबुतीकरणं डीपीची केली जातात ती यामुळेच.

पण ताकद वाढली म्हणून ताठरपणा वाढत नाही. पोलाद मऊ असो वा कडक, लवचीकतेचा आकडा सुमारे २,१०,००० मेगापास्कलच राहतो. म्हणून दरवाजाचा बाहेरचा पत्रा वाटेल तितका पातळ करता येत नाही, बोटाने दाबला तरी थरथरेल. आणि यामुळेच स्प्रिंगबॅक वाढतो. २०० मेगापास्कलवर वाकवलेला मऊ पत्रा डाय उघडल्यावर सुमारे ०.१ टक्का परत फिरतो, तर ५०० वर वाकवलेला डीपी जवळजवळ ०.२४ टक्के. डाय बनवणाऱ्याला हा फरक आधीच धरून चालावं लागतं.

आता डीपीच्या भावंडाकडे, ट्रिप नावाच्या पोलादाकडे वळू. नावाचा अर्थ असा की रचना बदलल्यामुळे ताणली जाण्याची क्षमता वाढते. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे झॅके, पार्कर आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. त्यांच्या पोलादात निकेल आणि क्रोमियम भरपूर होतं, गाडीला परवडणारं नव्हतं. १९८७ मध्ये जपानच्या मात्सुमुरा, साकुमा आणि ताकेची यांनी स्वस्त सिलिकॉनवर तोच परिणाम साधून दाखवला.

सुरुवात डीपीसारखीच, पण थंड करताना वाटेत मुक्काम असतो. कार्बन ०.२ टक्के, मँगनीज आणि सिलिकॉन प्रत्येकी सुमारे १.५ टक्के असलेला पत्रा घ्या. १०० ग्रॅममध्ये आता कार्बन २०० मिलिग्रॅम. भट्टीत निम्मं ऑस्टेनाइट झालं तर त्यात ०.३८ टक्के कार्बन जमतो. हे सरळ थंड केलं तर मार्टेन्साइट होऊन जाईल. किती तापमानाला ते सुरू होतं याचा एक ढोबळ हिशेब आहे: ५३९ मधून कार्बनच्या टक्क्यांची ४२३ पट आणि मँगनीजच्या टक्क्यांची ३०.४ पट वजा करायची. इथे उत्तर येतं ३३० अंशांच्या आसपास.

म्हणून पत्रा त्याआधीच, ४०० अंशांच्या जवळ, काही मिनिटं थांबवतात. तिथे ऑस्टेनाइटचा मोठा भाग बेनाइटच्या बारीक पात्यांमध्ये बदलतो आणि ही पाती कार्बन बाहेर टाकतात. साध्या पोलादात तो बाहेर पडलेला कार्बन लोखंडाशी जुळून सिमेंटाइटचे कण बनवतो आणि खर्ची पडतो. सिमेंटाइटमध्ये सिलिकॉन विरघळत नाही, त्यामुळे ते बनायला सिलिकॉनला आधी बाजूला सरकावं लागतं आणि ४०० अंशांवर त्याला तेवढी चाल नसते. कार्बनला मग एकच घर उरतं, शिल्लक ऑस्टेनाइट. ३८ ग्रॅमचा बेनाइट झाला आणि त्यात ५७ मिलिग्रॅम कार्बन अडकून राहिला असं धरलं, तर १२ ग्रॅम ऑस्टेनाइटमध्ये सुमारे १३५ मिलिग्रॅम येतो, म्हणजे १.१ टक्क्यांच्या वर. तोच हिशेब पुन्हा केला की मार्टेन्साइटचं तापमान १७ अंशांवर उतरतं, आणि कण अगदी बारीक असले की प्रत्यक्षात त्याहूनही खाली. पुण्याच्या दुपारी हा पत्रा कडक व्हायचं राहून गेलेला असतो. चकचकीत थंड पत्र्यात, एरवी भट्टीतच असणारी रचना १० टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहते. ती चुंबकाला ओढली जात नाही, बाकी सगळं जातं, म्हणून चुंबकी मोजणीने तिचं प्रमाण काढता येतं.

ही शिल्लक रचना काठावर उभी असते. तापमानाने नाही बदलली, तर ताणाने बदलते. पत्रा ओढताना शेवटी तो कुठेतरी एका जागी बारीक व्हायला लागतो. कणकेचा लांबट गोळा ओढून पाहा, मध्येच कुठेतरी कंबर पडते आणि मग सगळी ओढ तिथेच जाते. ट्रिपमध्ये जिथे कंबर पडायला सुरुवात होते, तिथेच ताण जास्त असतो, म्हणून तिथलंच ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होतं. ती जागा कडक होते आणि ओढ शेजारच्या अजून मऊ भागाकडे ढकलली जाते. मग तिथेही तेच. बारीक होणारी जागा स्वतःला सावरत राहते. ८०० मेगापास्कलच्या डीपीची लांबण साधारण १४ ते २० टक्के, तर त्याच ताकदीच्या ट्रिपची २६ ते ३२ टक्के. फरकाचं कारण एवढंच: डीपी आपलं मार्टेन्साइट पोलाद कारखान्यातच खर्च करून येतो, ट्रिप थोडं राखून ठेवतो.

या राखून ठेवण्याला मर्यादा आहेत. ऑस्टेनाइटमध्ये कार्बन कमी पडला तर ते दाबकामाच्या सुरुवातीलाच संपतं आणि कंबर पडण्याच्या वेळी हाती काही उरत नाही. फार जास्त झाला तर ते शेवटपर्यंत बदलतच नाही आणि मग त्याचा उपयोग काय? तापमानाचाही परिणाम आहे, सलग चालून गरम झालेल्या डायमध्ये ते बदलायला जास्त आढेवेढे घेतं. सिलिकॉनचा त्रास वेगळा: भट्टीत पत्र्याच्या पृष्ठभागावर त्याचा ऑक्साइड तयार होतो आणि जस्ताच्या हौदात जस्त तिथे चिकटत नाही, उघडे ठिपके राहतात. म्हणून काही पोलादांत सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम वापरतात. आणि ०.२ टक्के कार्बनमुळे स्पॉट वेल्डिंगचा टिपका कडक आणि ठिसूळ होतो. वेल्डिंगच्या वेळा आणि करंट त्यासाठी नव्याने बसवाव्या लागतात.

आता काकांच्या प्रश्नाकडे. २६ टक्के लांबण मोजली जाते ती गुळगुळीत कड असलेल्या, मुद्दाम घासून तयार केलेल्या पट्टीवर. आमच्या ब्रॅकेटमध्ये भोक पंचने पाडलेलं होतं. पंच जेव्हा पत्रा कापतो तेव्हा कडेच्या अगदी बारीक पट्टीत पत्रा आधीच भयंकर ताणला, घासला आणि फाडला गेलेला असतो. तिथे मऊ फेराइट बेटाभोवती वाहत जातो, बेट मात्र जागचं हलत नाही, आणि दोघांच्या सीमेवर पोकळ्या उघडतात. पुरण वाटताना डाळीचा एखादा कडक दाणा राहिला की पोळी लाटताना नेमकी त्याच्या कडेने फुटते, तसंच हे. मग ती कड फुलवायला घेतली की त्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि चीर तयार होते. मऊ आणि कडक यांच्यातला फरक जितका जास्त, तितकी ही कड हळवी. ज्या फरकामुळे डीपीला ताकद आणि लांबण मिळाली, तोच फरक कापलेल्या कडेवर घात करतो.

त्यामुळे कडेसाठी वेगळी चाचणी लागते. आयएसओ १६६३० मध्ये १० मिलिमीटरचं भोक पंचने पाडतात आणि ६० अंशांच्या शंकूने ते फुलवत नेतात. पत्र्याच्या संपूर्ण जाडीतून चीर गेली की थांबायचं आणि भोक किती टक्के वाढलं ते मोजायचं. आम्ही त्या कॉइलची चाचणी केली तेव्हा उत्तर ३३ टक्के आलं. आमचं भोक २४ वरून ३४, म्हणजे ४२ टक्के. गणितच बसत नव्हतं, आणि सर्टिफिकेटवर ही ओळच नव्हती.

तपासात आणखी एक गोष्ट निघाली. पंच आणि डायमधला क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली फट, जुन्या मऊ पत्र्यासाठी ठेवलेला होता, दर बाजूला जाडीच्या ८ टक्के, म्हणजे ०.११ मिलिमीटर. डीपीला तो कमी पडतो, कड दोनदा घासली जाते. आम्ही तो १४ टक्के केला, सुमारे ०.२ मिलिमीटर. पंचची धार वेळापत्रक ठरवून लावायला सुरुवात केली, कारण बोथट पंच कडेतली खराब पट्टी रुंद करतो. ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, उलटा केला, कापताना कडेला उरलेली खरखरीत बर वाकण्याच्या आतल्या बाजूला यावी म्हणून. एवढ्याने चिरा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. शेवटी ग्राहकाला पटवून भोक २४ ऐवजी २७ मिलिमीटरचं घेतलं. वाढ आली २६ टक्क्यांवर. कॉलरची उंची दीड-पावणेदोन मिलिमीटरने घटली, पण तिथे फक्त एक नळी टेकणार होती, त्यामुळे चाललं.

काकांनी तेव्हा आणखी एक विचारलं होतं. लांबण एवढीच हवी तर ट्रिप का नाही मागवत? मी त्यांना तोच पंच दाखवला. ट्रिपमध्ये राखून ठेवलेलं ऑस्टेनाइट कापताना कडेच्या पट्टीत तिथेच मार्टेन्साइट होऊन जातं, आणि तेही १ टक्क्याच्या वर कार्बन असलेलं, डीपीच्या बेटांहून कितीतरी कडक. पत्र्याच्या मधल्या भागात शेवटच्या क्षणी कामी येणारी शिल्लक कडेवर पहिल्याच फटक्याला संपलेली असते. अशा कॉलरला खरं तर उलटी निवड लागते: बेनाइट आणि पुन्हा तापवून किंचित मवाळ केलेल्या मार्टेन्साइटचं पोलाद, ज्यात मऊ-कडकातला फरक कमी असतो. त्याची साधी लांबण डीपीपेक्षा कमी असते, आणि भोक मात्र जास्त फुलतं. काकांनी त्या दिवशी कॉइलच्या तपासणी नोंदीत पेनाने एक नवा रकाना आखला, "भोक किती फुलतं".